जठराचा राजीनामा

सर्व संबंधितांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आमच्या रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरील कोपऱ्याच्या खोलीत मुक्कामास असलेल्या एका जठराने, कोणतेही कारण न देता, तडकाफडकी राजीनामा दिला आहे. सदर जठराचे काम आतड्याकडे सोपवण्याचा विचार वरिष्ठ पातळीवर चालू असून, निर्णय होईपर्यंत सर्वांनी शांतता राखावी.

हे निवेदन मी सकाळच्या राउंडला, छातीवर हात ठेवून, खणखणीत आवाजात केलं. न्यूरोसर्जन, म्हणजे आमचे सर, हसले नाहीत. ते सहसा हसतच नाहीत. पण निदान भुवई तरी हलते, त्या दिवशी तीही हलली नाही. इन्चार्ज सिस्टरनं माझ्याकडे असं पाहिलं की मी छातीवरचा हात हळूच ॲप्रनच्या खिशात नेला. खरं तर मला स्वतःलाही हसू येत नव्हतं. तीन मजली रुग्णालयातली झाडून सगळी शिकलेली माणसं एका पोटापुढे हतबल झाली होती आणि त्या पोटाचा मालक बेशुद्ध होता. त्याला विचारायचीही सोय नव्हती.

मी इथली आहारतज्ज्ञ. नवीन पनवेलात, सुकापूरच्या बाजूला, आमचं रुग्णालय आहे. लोकांना वाटतं आहारतज्ज्ञ म्हणजे जाड माणसांना भात सोडायला सांगणारी बाई. ते काम मी करते, आणि मन लावून करते. पण माझं निम्मं आयुष्य अशा माणसांसाठी खर्ची पडतं, ज्यांना भात सोड म्हटलेलं ऐकूही येत नाही. त्यांच्या तोंडी घास जात नाही, नळीतून जातो. किती, कुठल्या नळीनं, किती वेगानं, आणि पोटानं तो मानला का, हे बघायचं.

तर हे दादा, त्या पोटाचे मालक. उरणच्या वाटेवरच्या एका गावातले. घराणं पूर्वी मिठागरावर राबणारं, आता रेती-विटांचा धंदा. कळंबोलीच्या वळणावर न्हावा शेव्याहून आलेल्या ट्रेलरला चुकवताना मोटारसायकल घसरली आणि डोकं दुभाजकावर. मेंदूला सूज, कवटीच्या तळाला भेग. आयसीयूत पहिल्याच दिवशी नळीचा प्रश्न आला. शिरेतून अन्न देता येतं, पण आतडं चालतंय तोवर आतड्यालाच कामाला लावायचं, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. रिकामं ठेवलेलं आतडं रिकाम्या पडलेल्या घरासारखं असतं, लवकर ढासळतं. आता नळी म्हटली की ती नाकातून. पण यांच्या नाकातून पाण्यासारखं काही गळत होतं. कवटीचा तळ फुटलेला असताना नाकातून नळी सारली तर ती पोटात जाईलच याची खात्री नाही, ती भेगेतून वर मेंदूतही घुसू शकते. म्हणून सरांनी नाक बंद करून टाकलं. म्हणजे आमच्यासाठी. नळी तोंडातून जठरात. मग एक्स-रे काढला, टोक जठरातच आहे हे डोळ्यांनी पाहिलं, आणि मगच पहिला थेंब सोडला.

चार्टवर मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: नळी तोंडातून जठरात, चौदा नंबर, ओठापाशी पंचावन्न सेंटिमीटरची खूण. पंपानं ताशी वीस मिली, पोट साथ देईल तसं वाढवत न्यायचं. पलंगाची डोक्याकडची बाजू तीस अंशांच्या वर. दर खेपेला खूण तपासायची, पोट फुगलंय का बघायचं, उलटी, शौच, सगळं मांडायचं.

आयसीयूत सगळं गोडीगुलाबीनं झालं. श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडलं, दादांनी मशीन सोडलं, शुद्ध मात्र आली नाही. मग त्यांना तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्याच्या खोलीत हलवलं. वर पंप कमी, आणि पुढेमागे घरी न्यायचं तर नातेवाइकांना शिकवायलाच हवं, म्हणून आम्ही पंप सोडून हातानं फीड द्यायला लागलो: दर तीन तासांनी दोनशे मिली, मोठ्या सिरिंजमधून, उंचावरून, आपल्या वजनानं उतरेल तसं सावकाश. आधी आणि नंतर थोडं पाणी. इन्चार्ज सिस्टरनं दादांच्या बायकोला बाजूला उभं करून शिकवलं. वहिनी गप्प राहणारी बाई. डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही आणि तोंडातून शब्द निघायचा नाही. सिस्टरनं दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा वहिनीनं स्वतः केलं, आणि सिस्टर माझ्या कानात म्हणाली, "मॅडम, माझ्या वॉर्डच्या निम्म्या मुलींपेक्षा हात स्थिर आहे हिचा."

इथपर्यंत नाटकाचा पहिला अंक. प्रेक्षक सुखात.

दुसऱ्या अंकात पोट फुगलं.

फुगलं म्हणजे ढोल. आम्ही फीडच्या आधी सिरिंजनं मागे ओढून बघतो, आधीचं किती शिल्लक आहे ते. सकाळी काढलं की जेमतेम दोन-चार चमचे. दुपारी तसंच. आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला काढलं की सिरिंजवर सिरिंज भरत जायची, तीनशेच्या वर. मी सिस्टरला म्हटलं, "एकट्या आकड्याला घाबरायचं नाही. पोट बघा, माणूस बघा." तिनं पोट बघितलं. पोट ढोल. दुसऱ्या संध्याकाळी दादांना उलटी झाली. सिस्टरनं धावत जाऊन मान वळवली, सक्शन लावलं, छातीचा एक्स-रे झाला. फुप्फुस वाचलं. थोडक्यात. बेशुद्ध माणसाची उलटी श्वासनळीत उतरली की मग नळीच्या गप्पा संपतात, न्यूमोनियाच्या सुरू होतात.

"गॅस्ट्रोपॅरेसिस," सर म्हणाले. म्हणजे जठर आळशी झालंय, पुढे ढकलत नाही. डोक्याला मार लागलेल्यांत होतं असं. जठर हलवणारं इंजेक्शन सुरू झालं.

"पण सर, सकाळी ते आळशी नसतं," मी म्हटलं.

"मग?"

"मग फक्त संध्याकाळी आळशी कसं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमचंही तसंच असतं," म्हणाले, आणि पुढच्या खोलीत गेले.

आणखी एक विचित्र गोष्ट. आमचं फीड दिसायला बासुंदीसारखं, जरा दाटसर. पोटात राहून परत आलं तर फाटलेल्या दुधासारखं यायला हवं. हे येत होतं ते पाणचट. जवळजवळ स्वच्छ. सिस्टरनं ते भांड्यात धरून खिडकीच्या उजेडात नेलं आणि चार्टवर लिहिलं: पाण्यासारखे. मग भांडं तसंच हातात धरून ती माझ्याकडे वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजिबात आवडलं नाही.

"मॅडम, तुमच्या किचनमध्ये पावडर नीट घालतात ना?"

झालं. आरोप माझ्या घरावर. मी तरातरा खाली गेले. फीड बनवणाऱ्या मावशी गेली कित्येक वर्षं तेच काम करतायत. नीट पुसलेला ओटा, उकळून गार केलेलं पाणी, मोजमापाचा चमचा खुंटीला. मी आडून आडून विचारायला गेले, पण मावशींना आडून विचारलेलं कळत नाही असं नाही.

"म्हणजे मी पाणी घालते?" त्यांनी चमचा ओट्यावर आपटला. "माझ्या हाताखालून आजवर एवढी पातेली गेली. माझ्या सुनेच्या आमटीत पाणी असतं, माझ्या फीडमध्ये नाही!"

मी त्यांच्यासमोर उभी राहून एक खेप बनवून घेतली. निर्दोष. दाट, गुळगुळीत. वर जाऊन सिस्टरला सांगितलं की किचन निर्दोष आहे. सिस्टर म्हणाली, मग वॉर्डच्या मुली फीड ओतून टाकतात आणि पाणी देतात असं म्हणायचंय का तुम्हाला? मी म्हटलं, मी कुठे काही म्हटलं? ती म्हणाली, तुमचा चेहरा म्हणतोय. वॉर्डमधल्या दोन मुली त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत.

मग सरांनी हुकूम काढला: फीड बंद. शिरेतून सलाईन. जठराला विश्रांती. सिस्टरनं वहिनीला समजावलं, "आज यांना काही द्यायचं नाही. उपाशी ठेवायचंय." वहिनीनं मान हलवली. तिच्या शेजारी दादांची थोरली बहीण बसली होती. ही बाई म्हणजे खोलीची सम्राज्ञी. अंगानं भक्कम, नाकात मोठी नथ, आवाज असा की खालच्या केमिस्टला औषध कळावं. घरी त्यांना सगळे आक्का म्हणायचे, म्हणून आम्हीही.

"उपाशी?" आक्का म्हणाल्या. "आनि किती दिस?"

"पोट बरं होईपर्यंत."

"बरां," आक्का म्हणाल्या. "देवाधर्माचा म्हनायचा." आणि त्यांनी दादांच्या कपाळावरून हात फिरवला.

आम्हाला वाटलं, किती समजूतदार माणसं.

आता ऐका. सकाळपासून फीड बंद. पोटात एक थेंब नाही. दुपारी ओढून पाहिलं, काही नाही. संध्याकाळी ओढून पाहिलं, चारशे!

सिस्टरनं मला फोन केला तेव्हा मी घरी निघायच्या बेतात होते. "मॅडम," ती म्हणाली, आणि एरवी सगळ्या मजल्याला धाकात ठेवणाऱ्या त्या बाईचा आवाज कापत होता, "काही न देता आलंय."

"काय?"

"तेच. पाण्यासारखं."

मी परत वर गेले. आम्ही दोघी त्या भांड्याभोवती अशा उभ्या राहिलो की कुणाला वाटावं, आत भविष्य दिसतंय. मी चार्ट पुढून वाचला, मागून वाचला. सलाईन शिरेत जातंय, पोटात नाही. जठराचा स्वतःचा रस, लाळ, ठीक आहे, पण इतका? आणि फक्त संध्याकाळी?

"आतड्यात अडथळा असेल, खालून वर येत असेल," सिस्टर म्हणाली.

पोटाचा एक्स-रे झाला. अडथळा नाही. वर आणखी एक भानगड झाली. रक्ताच्या तपासणीत पोटॅशियम वाढलेलं निघालं. दादांची किडनी अपघातानंतर जरा कुरकुरत होतीच, त्यामुळे सर सावध होते. त्यांनी राउंडला मला पुढे बोलावलं.

"तुमच्या फीडमध्ये पोटॅशियम किती?"

"सर, फीड बंद आहे."

"ते मला माहीत आहे. पण त्यात किती?"

"सर, जे दिलंच नाही त्यातलं पोटॅशियम रक्तात कसं येईल?"

सरांनी रिपोर्ट उलटून पाहिला. मग म्हणाले, "रक्त काढताना पेशी फुटल्या असतील. पुन्हा पाठवा." पुन्हा पाठवलं. पुन्हा वाढलेलं. ईसीजी काढला, तो ठीक होता. सलाईन बदललं, औषधांची यादी चाळली. पोटॅशियम वाढवणारं त्यात काही नाही. आमच्या मजल्यावर आता एक असं पोट होतं, जे काहीही न खाता भरत होतं, आणि एक असं रक्त, जे कुठूनही न घेता जमवत होतं. याच राउंडला मी ते राजीनाम्याचं निवेदन केलं. का केलं? कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं. मला काही सुचेनासं झालं की मी नाटक करते, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे.

पण सरांनी तेव्हाच निर्णय घेतला. जठराला वगळायचं, थेट लहान आतड्यात पोचायचं. नाकाची वाट बंदच. तोंडातून आतड्यापर्यंत लांब नळी घालता येते, पण यांचं काम आठवड्यांचं, कदाचित महिन्यांचं, आणि तोंडातली नळी इतके दिवस टिकत नाही. दात आवळले की संपली. मग पोटाच्या भिंतीतून. एंडोस्कोपीनं जठरात छिद्र करून, त्यातून पुढे आतड्यापर्यंत बारीक नळी. दोन दिवसांनी दुपारी बाहेरून पोटविकारतज्ज्ञ येणार होते. वहिनीची सही हवी होती.

सही काही मिळेना. दोन दिवस सिस्टर कागद घेऊन जात होती, वहिनी कागदाकडे बघत होती आणि पदराचं टोक मुठीत चुरगाळत होती. मी एकदा शेजारी बसले. सांगितलं की छिद्र छोटंसं असतं, दुखत नाही, नंतर बुजतंही. ती ऐकत होती. मग अगदी हळू म्हणाली, "डोक्याला भोक झाला, गल्याला झाला. आता पोटाला पन?"

मी तिच्या पुढ्यातला कागद उचलून सिस्टरला परत दिला.

एक मात्र मला स्पष्ट दिसत होतं. या बाईच्या मनात पोटाचं भोक म्हणजे शेवट. डोकं, गळा, हे डॉक्टरांचं. पोट तिचं होतं. लग्न झाल्यापासून त्या पोटात जे गेलं ते तिनं घातलेलं. तेही काढून घेतलं की मग तिच्याकडे काय राहणार होतं? आणि इकडे सर म्हणत होते, आणखी एक उलटी झाली तर मी जबाबदार नाही. दोघंही बरोबर होते. म्हणूनच सगळा गोंधळ.

ठरल्या दिवशी दुपारी पोटविकारतज्ज्ञ उशिरा आले. त्यांनी फाइल पाहिली, भुवया उंचावल्या, पुन्हा फाइल पाहिली. "पेशंट बघूया," म्हणाले. मग आमची वरात निघाली: पुढे सर, त्यांच्याबरोबर ते पाहुणे, मागे सिस्टर हातात सहीचा कागद घेऊन, सर्वांत मागे मी. चारचा सुमार होता. आता चार ते सहा ही आमच्याकडे भेटीची वेळ. या वेळात एकही डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर फिरकत नाही, कारण पाय ठेवायला जागा नसते. आख्खं गाव येतं. सिस्टर आणि तिच्या मुलीही नर्सिंग काउंटरमागे किल्ला बंद करून बसतात आणि सहाची वाट बघतात.

कोपऱ्याच्या खोलीच्या दाराबाहेर रांग होती.

ढकलाढकली नाही, गडबड नाही. व्यवस्थित रांग. सातआठ माणसं, बायका-पुरुष, काहींच्या हातात प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत शहाळी. पुढे सरकतायत, आत जातायत, बाहेर येतायत. बाहेर येणाऱ्यांच्या चेहऱ्यावर देवळातून निघाल्यासारखं समाधान.

सरांनी दार ढकललं.

पलंगाची डोक्याकडची बाजू अगदी हवी तशी उचललेली. आक्का उशाशी उभ्या. हातात आमची मोठी सिरिंज, दट्ट्या काढलेली, नळीला जोडून बरोबर तेवढ्याच उंचीवर धरलेली. वहिनी बाजूला, बोटानं नळीची ओठापाशीची खूण तपासत. रांगेतला पुढचा माणूस, बहुधा चुलतभाऊ, स्टीलच्या पेल्यातून सिरिंजमध्ये नारळपाणी ओतत होता. सावकाश, धार न सांडता. पेला संपला. आक्कांनी मान हलवली. वहिनीनं बाटलीतलं पाणी घेतलं आणि नळी धुवून काढली.

"झाला," आक्का म्हणाल्या. "आता तुजी आय येऊं दे."

मी आयुष्यात इतकी शुद्ध पद्धत पाहिली नाही. शिकवलं होतं तसंच, एकही पायरी न गाळता. फक्त नळीतून जात होतं ते आम्ही लिहिलेलं नव्हतं.

"हे काय चाललंय?" सरांच्या तोंडून निघालं.

आक्कांनी वळून पाहिलं. घाबरल्या नाहीत, ओशाळल्या नाहीत. "बघाया आलेली मान्सां हायेत, डॉक्टर. आमचे घरान कोन आजारी असला ना, तं बघनारा रिकामा जात नाय. एक घोट पाजूनच जातो. घास त भरवता येत नाय, मंग नारलाचा पानी."

"पण मी उपाशी ठेवायला सांगितलं होतं!" ही सिस्टर, जवळजवळ किंचाळून.

"मंग ठेवला ना, बाय!" आक्का खरोखर दुखावल्या. "अन्नाचा शितकडा नाय दिला. शेजारीन सकाली पेज घेऊन आलेली, मी परत पाठवली. दूध पन परत पाठवला. उपासाला नारलाचा पानी चालतां का नाय? तूच सांग. तू नाय पीत एकादशीला?"

सिस्टर एकादशी करते. चांगली कडक करते, आणि नारळपाण्यावरच करते. तिनं हातातला सहीचा कागद हळूच पाठीमागे नेला.

मला आठवलं, की पलंगाखालच्या बादलीत शहाळ्याची टरफलं रोज असायची. मी पाहिली होती, सिस्टरनं पाहिली होती, सरांनीही पाहिली असणार. पण पनवेलातल्या कुठल्याही रुग्णालयातल्या कुठल्याही खोलीत ती असतातच. आजाऱ्याला बघायला येणारा शहाळं आणतो, आजारी बेशुद्ध असेल तर ते नातेवाईक पितात, हे आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. हे कुटुंब मात्र आजाऱ्याचं आजाऱ्यालाच देत होतं. आणि गंमत अशी, की फीड चालू होतं तोवर माणशी जेमतेम एक-दोन घोट जायचे, पोट भरलेलं असतं म्हणून. आम्ही फीड बंद केल्यावर आक्कांना वाटलं, भाऊ सुकेल. म्हणून त्यांनी घोटाचा पेला केला. आम्ही जितकं पोट रिकामं ठेवत गेलो, तितकं त्या ते भरत गेल्या. नारळपाण्यात पोटॅशियम किती असतं हे मी दर आठवड्याला किडनीच्या पेशंटांना बोट नाचवून सांगते.

पोटविकारतज्ज्ञांनी घड्याळ पाहिलं. "मला वाटतं," ते सरांना म्हणाले, "यात माझं काम नाही." आणि जाताना वळून वहिनीकडे पाहिलं. "पण सिरिंज फार छान धरता तुम्ही लोक."

सरांनी त्या दिवशी आवाज चढवला नाही. खुर्ची ओढून आक्कांसमोर बसले आणि समजावलं. की हे पाणी पोटात साचतं, उलटी होते, उलटी छातीत उतरली तर जीव जाईल. की यातले क्षार किडनीला झेपत नाहीत, त्यांनी हृदय थांबू शकतं. आक्का ऐकता ऐकता पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांचा आवाज एकदम छोटा झाला. "म्हंजे मीच मारीत होते भावाला?"

"नाही," सर म्हणाले. "पण आता बंद."

मग मी चार्ट नव्यानं मांडला. नळी तीच, तोंडातून जठरात, खूण तीच. एक पंप आयसीयूतून भांडून वर आणला. पोटॅशियम कमी असलेलं फीड, पहिल्यापासून सुरुवात, ताशी वीस मिली. पोटाचा घेर, फुगलंय का, उलटी, शौच, पोटॅशियम सकाळ-संध्याकाळ. आणि खाली सिस्टरनं स्वतःच्या हातानं, अक्षर ठसठशीत, एक नवा रकाना आखला: नातेवाइकांनी दिलेले. त्यात रोज तीच लिहायची: काही नाही. भेटीच्या वेळी खोलीत एक मुलगी बसू लागली. बघायला येणाऱ्यांनी दादांच्या पायाला हात लावायचा आणि शहाळं वॉर्डच्या मुलींना द्यायचं, असा तह झाला. वॉर्डच्या मुली पुन्हा माझ्याशी बोलायला लागल्या. मावशींनी मात्र मला आणखी आठवडाभर फक्त "हो" आणि "नाही"त उत्तरं दिली.

तिसरा अंक मात्र हळूहळू उलगडला. मला अजून भीती होती. समजा नारळपाणी बंद झालं आणि तरीही जठरानं मानलं नाही, तर? डोक्याला मार लागलेल्यांत जठर खरंच आळशी होतं, सर चुकीचं बोलत नव्हते. सहीचा कागद सिस्टरच्या ड्रॉवरमध्ये होता, फाडलेला नव्हता. वहिनीला ते माहीत होतं. ती पंपाशेजारी बसून असायची आणि त्याच्या काचेवरचा आकडा बघायची, तो वाढतो आहे की नाही. चाळीस झाले, तिनं पाहिलं. साठ झाले, पाहिलं. तिला त्या आकड्यांचा अर्थ कुणी सांगितला नव्हता, पण वाढणं म्हणजे चांगलं, हे तिला उमगलं होतं. पंपानं मध्येच आवाज केला की ती उठून उभी राहायची, आणि सिस्टरनं येऊन नळीतली घडी सरळ केली की मग बसायची.

संध्याकाळी ओढून पाहिलं की चमचाभर. पोट मऊ. पोटॅशियम उतरलं. आणि एके सकाळी सिस्टर राउंडच्या आधीच मला जिन्यात गाठून म्हणाली, "झाली!" मी विचारलं, काय झाली? तर दादांना शौचास झाली होती, नीट, बांधीव. आम्ही दोघींनी जिन्यात एकमेकींचे हात धरले. खालून वर येणाऱ्या माणसाला वाटलं, लग्न ठरलं कुणाचं तरी.

त्या दिवशी सर राउंडला आले, तेव्हा खोलीत आक्काही होत्या, वहिनीही. सरांनी चार्ट घेतला. खाली ओळीनं बोट फिरवत गेले. पोट दाबून पाहिलं, कान लावून ऐकलं. मला विचारलं, "पूर्ण मात्रा मिळतेय?"

"पूर्ण, सर. सगळं मानलंय."

ते चार्ट ठेवून वहिनीकडे वळले. लांब बोलण्याचा त्यांचा कोटा आक्कांसमोरच संपला होता, म्हणून दोनच वाक्यं बोलले. "पोटाला छिद्र करायची आता गरज नाही. तो कागद रद्द."

वहिनीनं सरांकडे पाहिलं नाही. सिस्टरकडे नाही, माझ्याकडे नाही. ती उठली, पलंगाच्या कडेला गेली, आणि इतके दिवस आमच्यापैकी कुणीही न ऐकलेल्या आवाजात, नवऱ्याच्या कानाजवळ वाकून, भर राउंडमध्ये ओरडली:

"आयकलंव? गुमान जेवा आता, नायतं परत पोट फारायला येतील तुमचा!"